मधले वर्ष आणि चार हजार अक्षरांचे पत्र

बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश हुकला की आपल्या घरांतून एक शब्द हलक्या आवाजात उच्चारला जातो : ‘गॅप’. पाहुण्यांसमोर तो टाळला जातो. प्रवेशाच्या कागदपत्रांत मात्र तो टाळता येत नाही. तेथे खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि मधल्या काळात आपण अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता असे लिहून द्यावे लागते. त्या वर्षात विद्यार्थ्याने काय पाहिले, काय केले, हे त्याला कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणही नसते. आपल्या देशात एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या 720 पैकी मिळालेल्या गुणांवर होतो. म्हणून लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत काढलेले वर्ष गुणपत्रिकेतील एका आकड्यात सामावते आणि तेथेच संपते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही कुटुंबे आता इंग्लंडात स्थिरावली आहेत. त्यांची मुले तेथील शाळांतून अठराव्या वर्षी बाहेर पडतात आणि वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करतात. त्या अर्जासोबत स्वतःविषयीचे एक निवेदन जोडावे लागते. वैद्यक का शिकायचे, त्यासाठी कोणती तयारी केली, हे त्यात सांगायचे असते. या निवेदनात मधले वर्ष कसे मांडावे, याविषयी आमचे एक निश्चित मत बनले आहे. ते असे, की आपल्याकडील दोन सवयी या मुलांच्या पत्रांतून त्यांचे नुकसान करतात. एक सवय ते वर्ष लपविण्याची. दुसरी, ते थोर गुणांच्या नामावळीने भरून काढण्याची. दोन्हींचा परिणाम एकच होतो : पत्र वाचणाऱ्याला समोरची मुलगी दिसत नाही.

प्रथम या पत्राची रचना समजून घेऊ. इंग्लंडातील विद्यापीठांचे अर्ज ‘युकॅस’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. वैद्यकासाठी जास्तीत जास्त चार ठिकाणी अर्ज करता येतो. पाचवी जागा दुसऱ्या एखाद्या विषयासाठी वापरता येते. सर्व ठिकाणी निवेदन एकच जाते. पूर्वी ते सलग निबंधासारखे असे. 2026 च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत. हा विषय का शिकायचा आहे, शालेय अभ्यासाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले व ते का उपयोगी आहे. तिन्ही उत्तरे मिळून 4000 अक्षरांची मर्यादा आहे आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचे हवे. विरामचिन्हे आणि दोन शब्दांमधील मोकळी जागाही मोजली जाते. इंग्रजीत हे सारे मिळून सहाशे-साडेसहाशे शब्द होतात, म्हणजे कशीबशी दीड पाने.

आता मधल्या वर्षाचे गणित पाहू. बहुतेक घरांत चूक होते ती येथे. शाळेची अखेरची परीक्षा जूनमध्ये संपते. ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. वैद्यकाच्या अर्जाची अंतिम तारीख 15 ऑक्टोबर असते. इतर बहुतेक विषयांना त्यानंतरही तीन महिने मिळतात. म्हणजे ज्या वर्षाविषयी लिहायचे, ते वर्ष पत्र लिहिताना जेमतेम चार महिन्यांचे झालेले असते. निकाल हाती आल्यावर काम शोधू लागणाऱ्यास तर दोनच महिने उरतात. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात काम धरावयाचे तर आधी पोलिसांकडील नोंदींची तपासणी होते, आणि तिच्यातही काही आठवडे जातात. शिवाय ‘युकॅट’ ही प्रवेशपूर्व चाचणी जुलै ते सप्टेंबर या काळातच द्यावी लागते. गेल्या वर्षीचे तिचे गुण यंदा चालत नाहीत. ती पुन्हा द्यावीच लागते.

या गणितातून एक मोह उत्पन्न होतो. पत्रात वर्षभराचे मोठे बेत लिहिले जातात : अमुक देशात सेवा करणार, तमुक शिबिरात जाणार. बेत लिहिणे गैर नाही. एका वाक्यात ते यावेतच. पण पत्राचे वजन घडून गेलेल्या गोष्टींवर असते. ऑक्टोबरात लिहिणाऱ्या मुलीकडे दहा आठवड्यांचा अनुभव असेल, तर तिने दहा आठवड्यांचाच लिहावा. मुलाखती साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात होतात. तोपर्यंत तिच्यापाशी आणखी काही महिन्यांचे काम साचलेले असते आणि ते सांगण्याची संधी तेथे मिळते.

एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण आम्ही रचलेले आहे, पण त्यातील एकही गोष्ट असाधारण नाही. अठरा वर्षांची एक मुलगी. गेल्या वर्षी चारही वैद्यकीय महाविद्यालयांनी तिला नकार दिला. ऑगस्टमध्ये निकाल लागला. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांत उत्तम श्रेणी मिळाल्या. जुलैपासून ती एका वृद्धनिवासात काळजीवाहक म्हणून पगारी काम करीत आहे. कोणाला अंघोळ घालायची, कोणाला कपडे घालायचे, अंथरुणाला खिळलेल्यांची ठरल्या वेळी कूस बदलायची, कोणी किती खाल्ले-प्यायले त्याची नोंद ठेवायची, असे तिचे काम आहे.

तिच्या पहिल्या मसुद्याचा आशय मराठीत असा : “लहानपणापासून मानवी शरीराच्या कार्याविषयी मला विलक्षण कुतूहल आहे. वृद्धनिवासातील अनुभवाने माझ्यात सहानुभूती, संघभावना, संवादकौशल्य आणि नेतृत्व हे गुण विकसित झाले. दुःखितांचे अश्रू पुसणे हेच माझे जीवितध्येय आहे.”

यातले एकही वाक्य खोटे असेलच असे नाही. तरी ते तिचे नाही. ते कोणाचेही असू शकते. 2007 साली युकॅसने ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि वैद्यकादी अभ्यासक्रमांसाठी आलेले सुमारे 50,000 अर्ज यंत्राने ताडून पाहिले. तेव्हा 370 निवेदनांत शरीराच्या कार्याविषयीच्या कुतूहलाचे जवळजवळ एकसारखे वाक्य आढळले. 175 जणांनी आजारी किंवा वृद्ध आजोबांचा उल्लेख केला होता. आणि 234 जणांनी आठव्या वर्षी रसायनांच्या खेळाने आपल्या पायजम्याला भोक पाडल्याची एकच कथा सांगितली होती. एवढ्या मुलांचे पायजमे एकाच वयात जळाले असतील हे कोणास पटेल? तेव्हापासून प्रत्येक निवेदन जुन्या निवेदनांशी ताडून पाहिले जाते आणि साम्य मोठे आढळल्यास विद्यापीठांना कळविले जाते. पैसे घेऊन पत्र लिहून देणाऱ्यांच्या नादी लागणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

मग तिने काय लिहावे? तिला आम्ही गुण विचारणार नाही. त्या निवासात तुला न समजलेली एखादी गोष्ट सांग, असे म्हणू. उत्तर असे येते : एका आजोबांचा चहा.

या आजोबांना अर्धांगवायूनंतर गिळण्यास त्रास होतो. पातळ द्रव घशातून वेगाने जातो; श्वासनलिकेचे तोंड वेळेवर मिटले नाही तर तो फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनियाचा धोका निर्माण होतो. म्हणून त्यांच्या चहात एक पूड मिसळून तो दाट करतात. दाट द्रव सावकाश सरकतो आणि गिळण्याच्या क्रियेला वेळ मिळतो. किती दाट करायचे ते गिळण्याच्या विकारांच्या तज्ज्ञ, म्हणजे वाचा व भाषा उपचारतज्ज्ञ, ठरवितात. पुडीचा डबा मात्र रुग्णाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवतात, कारण कोरडी पूड तोंडात गेली तर घशात फुगून जीव गुदमरू शकतो.

आमच्या मुलीने दोन आठवडे नोंदवहीत पाहिले, की आजोबांच्या कपातला चहा निम्म्याहून अधिक तसाच राहतो. त्यांना तो गिळगिळीत चहा नकोसा झाला होता. फुप्फुस वाचविण्यासाठी केलेली योजना शरीरातील पाणी कमी करीत होती. दाट केलेल्या पेयांचा हा ज्ञात दोष आहे : माणसे ती कमी पितात. तिने स्वतः पूड कमी केली नाही. तो तिचा अधिकार नव्हता. तिने नोंदी परिचारिकेला दाखविल्या. परिचारिकेने उपचारतज्ज्ञांना कळविले, त्यांनी फेरतपासणी केली आणि पुढचा निर्णय आजोबा, त्यांची कन्या व डॉक्टर यांच्याशी बोलून झाला. कोणता निर्णय झाला हे येथे गौण आहे. सुरक्षितता आणि घोटभर चहाचे सुख यांपैकी काय निवडायचे, हा प्रश्न अखेर आजोबांचा होता, आणि त्यांना दोन्ही बाजू समजावून सांगण्याचे काम कोणाला तरी करावे लागले. ते काम तिने पाहिले.

या एका कपात तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. ती कशी, ते क्रमाने पाहू.

वैद्यक का, हा पहिला प्रश्न. परीक्षकाच्या मनात त्यामागे आणखी एक प्रश्न असतो : सेवाच करायची तर परिचारिका का नाही, उपचारतज्ज्ञ का नाही? “अश्रू पुसणे” हे त्याचे उत्तर होत नाही. अश्रू परिचारिका अधिक वेळा पुसते. आमची मुलगी असे लिहू शकते : “गिळण्याची तपासणी उपचारतज्ज्ञांनी केली, रोजची काळजी आम्ही घेतली, पण न्यूमोनियाचा धोका, पाण्याची कमतरता, चालू औषधे आणि रुग्णाची इच्छा यांचा एकत्र विचार करून जबाबदारी घेणारी व्यक्ती डॉक्टर होती. तो विचार करायला मला शिकायचे आहे.” येथे तिने डॉक्टराचे काम इतरांच्या कामापासून वेगळे करून दाखविले आणि इतरांना कमी लेखले नाही.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा. मधल्या वर्षातील विद्यार्थ्याची येथे एक अडचण असते : शाळा सुटली, पुस्तके मिटली. पण श्रेणी हाती असल्याने त्यांविषयी बोलण्यात जागा घालविण्याची गरज उरत नाही. त्या अर्जात दिसतातच. त्याऐवजी तिने लिहावे, की जीवशास्त्रात शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया तिला कामावर कशी भेटली. गिळताना श्वास का थांबतो हे तिने पुढे कोठे वाचले. आणि दाट पेयांनी न्यूमोनिया टळतो याचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही, हे कळल्यावर तिला काय वाटले. शाळेतील ज्ञानाला कामावर पडलेला प्रश्न असा जोडला गेला, की मधले वर्ष अभ्यासात खंड पाडणारे राहत नाही. तसे ठासून सांगण्याचीही गरज पडत नाही.

तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेरच्या कामाचा. सर्वांत अधिक अक्षरे आम्ही येथे देऊ. चार हजारांपैकी सतराशे-अठराशे. चहाची हकिकत येथे सांगावी, पण हकिकतीला अर्धी जागा आणि तिच्यावरील विचाराला अर्धी जागा. किती तास काम केले याची बेरीज एकदाच यावी. तासांचे आकडे फुगविणारा अर्जदार लगेच ओळखू येतो : त्याच्या पत्रात तास शेकड्यांनी असतात, पण एकही माणूस नसतो. ज्याने खरोखर काम केले आहे त्याच्या पत्रात कामाची मर्यादा येते. “मी निदान केले”, “मी प्राण वाचविले” असे तो लिहीत नाही. “मी नोंद दाखविली” असे लिहितो. काळजीवाहकाने आपल्या अधिकाराच्या पलीकडे पाऊल टाकले नाही, ही गोष्ट भावी डॉक्टरच्या पत्रात मोठी पात्रता ठरते.

त्याच हकिकतीत एक काटाही आहे. ते आजोबा कोण, हे पत्रातून कळता कामा नये. नाव, गाव, निवासाचे नाव, नेमके वय, पूर्वीचा व्यवसाय, यांतले काहीही लिहू नये. रुग्णाची गुप्तता न जपणारे पत्र वैद्यकाच्या परीक्षकापुढे पहिल्याच परिच्छेदात उणे ठरते.

आता आमच्या समाजाला अधिक जिव्हाळ्याचा, म्हणून अधिक अवघड, मुद्दा. आमच्या मुलांच्या पत्रांत घरची परिस्थिती येते. वडिलांचे आजारपण, दोन खोल्यांत सहा माणसे, शाळा सुटल्यावर दुकानात केलेले काम. ते सारे खरे असते आणि परीक्षकाला कळायलाही हवे. मात्र इंग्लंडातील अर्जात त्यासाठी वेगळी जागा आहे. शाळेकडून जे शिफारसपत्र जाते, त्यात विद्यार्थ्याच्या अभ्यासावर परिणाम करणाऱ्या अडचणी नोंदविण्याचा स्वतंत्र भाग असतो. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यालाही सहसा त्याच शाळेकडून हे पत्र मिळते. म्हणून सप्टेंबर उजाडताच शिक्षकांना भेटावे, जे घडले ते तारखांनिशी सांगावे आणि ते त्यांना लिहू द्यावे. तीच गोष्ट शिक्षकाच्या लेखणीतून आली की ती वस्तुस्थिती म्हणून वाचली जाते आणि विद्यार्थ्याची चार हजार अक्षरे त्याच्यासाठी मोकळी राहतात. कष्ट लपवावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या कष्टातून वैद्यकाविषयी काही कळले ते स्वतःच्या पत्रात लिहावे. ज्या कष्टाने गुण कमी झाले ते शिक्षकांनी लिहावे. एवढा भेद पाळला तरी पत्र दयेची याचना वाटत नाही.

गेल्या वर्षीच्या नकाराचे काय? पत्रात तो कबूल करण्याची सक्ती नाही, कारण तो प्रश्न विचारलेलाच नाही. एका सरळ वाक्यात वर्षाचा हिशेब द्यावा : “शाळा संपल्यावर जुलैपासून मी वृद्धनिवासात काम करीत आहे आणि पुढील उन्हाळ्यापर्यंत करणार आहे.” यात सबब नाही, खोटेपणाही नाही. मुलाखतीत कोणी विचारलेच, तर नकार मिळाला होता असे स्पष्ट सांगावे आणि त्यानंतर काय बदलले ते सांगावे.

या पत्राची शक्ती किती, याविषयीही भ्रम नको. अनेक वैद्यकीय महाविद्यालये निवेदनाला गुणच देत नाहीत. ती श्रेणी आणि युकॅट यांवर मुलाखतीसाठी बोलावतात. म्हणून चाचणीचा सराव सोडून पत्रावर महिने घालविणे शहाणपणाचे नाही. भारतातून थेट अर्ज करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. इंग्लंडातील वैद्यकीय जागांपैकी परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा सुमारे 7.5 टक्क्यांपुरता मर्यादित आहे आणि त्यांचे शुल्क सामान्य मराठी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे. परदेशात शिकून भारतात व्यवसाय करावयाचा असेल, तर आधी ‘नीट’ची पात्रता लागते. उत्तम पत्र या भिंती ओलांडू शकत नाही.

तरीही पत्र नीट लिहावे असा आमचा आग्रह आहे, आणि त्याचे कारण मुलाखतीत आहे. तेथे बहुतेक ठिकाणी उमेदवाराला काही-काही मिनिटांच्या अनेक टप्प्यांतून नेतात. प्रत्येक टप्प्यावर नवा परीक्षक आणि नवा प्रश्न. एखाद्या टप्प्यावर विचारले जाते : तुम्ही पाहिलेला एखादा कठीण निर्णय सांगा. ज्या मुलीने सप्टेंबरच्या रात्री बसून चहाच्या कपाविषयी स्वतः चार वाक्ये लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, तिचे उत्तर तयार असते, कारण तिने तो विचार आधीच केलेला असतो. जिचे पत्र काकांनी किंवा एखाद्या मार्गदर्शकाने लिहिले, ती तेथे नेतृत्व, सहानुभूती, संघभावना ही नावे आठवू लागते आणि दुसऱ्याच मिनिटाला थांबते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे : पत्र तुम्ही लिहू नका, सुधारूही नका. मुलगी कामावरून घरी आली की आज कोणाचे जेवण उरले, का उरले, आणि तू ते कोणाला सांगितलेस, एवढे विचारा. ती जे सांगेल ते तिलाच वहीत टिपून ठेवू द्या. ऑक्टोबर येईल तेव्हा पत्रासाठी लागणारे सारे त्या वहीत असेल. आणि घरी पाहुणे आले, त्यांनी विचारले की यंदा मुलगी काय करते, तर आवाज न उतरवता सांगा, की ती वृद्धांना जेवू घालते आणि डॉक्टर होण्यासाठी अर्ज करते आहे.